गेट वर जातंय, मग आकडा खाली का येतो? ग्रे कोडचा एन्कोडर पीएलसीत वाचताना

प्रश्न: मी शहाद्याकडचा. तापीवरच्या एका बंधाऱ्याच्या गेट-पॅनेलचं काम आमच्या कॉन्ट्रॅक्टरकडे आलंय. गेटच्या शाफ्टवर गिअरमधून दहा बिटचा ॲब्सोल्यूट एन्कोडर बसवलाय, एक काउंट म्हणजे एक सेंटिमीटर. दहाही वायरी पीएलसीच्या इनपुट कार्डावर आणल्यात. गेट वर जाताना स्क्रीनवरचा आकडा ५११ पर्यंत चढतो, मग हेलकावे खात कमी होत जातो आणि पुढे एकदम ७६८ होतो. प्लेटवर 'ग्रे' लिहिलंय. हे बायनरीत कसं आणायचं? आणि कंपनी सरळ बायनरीच का देत नाही?

उत्तर:

भाऊ, तुमचा एन्कोडर नीट चाललाय आणि वायरिंगही जवळपास नक्की बरोबर आहे. तुम्ही लिहिलेले आकडेच ते सांगतात. गेटला टेप लावून पाहा: स्क्रीनवर ५११ दिसेल तेव्हा गेट ३.४१ मीटर उघडलेलं असेल. ५.११ मीटरला स्क्रीन २५६ दाखवेल आणि पुढच्याच सेंटिमीटरला, म्हणजे ५.१२ ला, ७६८. ही जागा जुळली तर दहाही बिट येत आहेत आणि वरचे दोन योग्य क्रमाने आहेत. फक्त पीएलसी ग्रे कोडला बायनरी समजून वाचतोय.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते कळलं की पहिल्याची रीत पाठ करावी लागत नाही.

एन्कोडरच्या आत एक चकती असते. तिच्यावर एकात एक अशी दहा वर्तुळं, म्हणजे ट्रॅक. प्रत्येक ट्रॅकवर काही भाग पारदर्शक, काही काळा. एका बाजूला प्रकाश, दुसऱ्या बाजूला प्रत्येक ट्रॅकसाठी एक सेन्सर. चकती जिथे उभी असेल तिथे दहा सेन्सर मिळून दहा बिट देतात, आणि ते दहा बिट म्हणजेच जागा. म्हणूनच लाईट गेली, दोन तासांनी आली, मधल्या काळात कोणी हाताने गेट फिरवलं, तरी पॅनेल चालू होताच खरा आकडा मिळतो. नुसत्या पल्स मोजणाऱ्या एन्कोडरला हे जमत नाही, आणि गेटवर ॲब्सोल्यूट लावतात ते यासाठीच.

आता समजा चकतीवर साधं बायनरी छापलंय आणि गेट ५.११ वरून ५.१२ वर चाललंय. ५११ आणि ५१२ हे बायनरीत असे दिसतात:

```
511 = 0111111111
512 = 1000000000
```

एका सेंटिमीटरसाठी दहाच्या दहा बिट बदलायला हवेत, आणि तेही अगदी एका क्षणी. तसं कधीच होत नाही. चकतीवरच्या दहा कडा केसभर मागेपुढे असतात, दहा सेन्सर तंतोतंत एका रेषेत बसत नाहीत, प्रत्येक सेन्सरची प्रकाश ओळखायची पातळी थोडी वेगळी असते. पुढे लांब केबल, आणि इनपुट कार्डावर प्रत्येक चॅनेलचा फिल्टर आपापला वेळ घेतो. त्यामुळे काही बिट बदललेत, काही अजून बदलायचेत, असा मधला काळ येतोच. त्या काळात पीएलसीने स्कॅन केला तर जे मिश्रण हाती लागेल तो त्याच्यासाठी आकडा. इथे दहाही बिट बदलत असल्यामुळे ० पासून १०२३ पर्यंतचा कोणताही आकडा येऊ शकतो. ० आला तर पॅनेल म्हणेल गेट बंद आहे. १०२३ आला तर म्हणेल गेट दहा मीटर वर गेलंय, थांबवा.

फिरत्या मशीनवर असा चुकीचा आकडा एखाद्या स्कॅनपुरता येतो आणि जातो. गेटचं तसं नाही. पावसाळ्यात गेट एका उंचीवर अडकवून तासन्‌तास ठेवतात आणि खालून पाणी सुटत असताना ते सतत थरथरत असतं. नेमकं त्या सीमेवर थांबलं तर चुकीचे आकडे तासन्‌तास येत राहतील. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. एवढ्या दरवाज्यांत एखादा अशा सीमेवर थांबणं मुळीच दुर्मीळ नाही, कारण सीमा फक्त ५११-५१२ ची नसते. २५५-२५६, १२७-१२८, अगदी ७-८ लाही बायनरीत बरेच बिट एकत्र बदलतात.

ग्रे कोडमध्ये शेजारच्या कोणत्याही दोन आकड्यांत फक्त एकच बिट वेगळा असतो. त्याच सीमेवर:

```
511 -> 0100000000
512 -> 1100000000
```

नऊ बिट जागचे हलत नाहीत. हलतो तो एकच, आणि तो अर्धवट असला तरी वाचणाऱ्याला मिळणार एकतर ५११ किंवा ५१२. तिसरा आकडा यायला वावच नाही. सेन्सर तेच, चकतीची अचूकता तीच. फक्त चूक जास्तीत जास्त एका काउंटची, म्हणजे तुमच्याकडे एका सेंटिमीटरची, होऊ शकते. कंपनी बायनरी देत नाही ती म्हणून. जुन्या काळी बायनरी चकतीवर हेच साधायला प्रत्येक ट्रॅकवर दोन-दोन ब्रश लावून त्यातला कोणता वाचायचा हे ठरवणारं सर्किट जोडत. ग्रे कोडने तो खर्च वाचला. कोडला नाव मिळालं ते बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांचं. त्यांचं पेटंट १९५३ चं, आणि ते आवाजाचं डिजिटल रूपांतर करणाऱ्या एका व्हॅक्यूम ट्यूबसाठी होतं. तिथेही अडचण हीच: इलेक्ट्रॉनांचा झोत दोन ओळींच्या सीमेवर पडला तर काय वाचायचं.

हा कोड बनतो कसा ते खालच्या पहिल्या नऊ आकड्यांवरून दिसतं:

```
0  0000
1  0001
2  0011
3  0010
4  0110
5  0111
6  0101
7  0100
8  1100
```

३ आणि ४ च्या मध्ये आडवी रेघ मारा आणि उजवीकडचे दोन बिट पाहा. रेघेच्या वर ०० ०१ ११ १०. खाली १० ११ ०१ ००. खालचा भाग वरच्याचं उलटं प्रतिबिंब आहे, फक्त पुढे १ लागलाय. ७ आणि ८ च्या मध्येही तसंच. ग्रे यांनी स्वतः याला 'परावर्तित बायनरी' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. हे प्रतिबिंब लक्षात ठेवा, खाली बिघाड शोधताना ते उपयोगी पडणार आहे. तुमचा आकडा ३.४१ नंतर खाली का येत होता तेही यातच आहे: प्रतिबिंबाच्या भागात खालचे बिट उलट्या क्रमाने चालतात, आणि पीएलसी त्यांना सरळ समजतो.

आता रूपांतर. गेट ३.४७ मीटरवर आहे असं धरू. ३४७ चं दहा बिटांचं बायनरी 0101011011. यावरून ग्रे काढायचा असेल तर पहिला बिट तसाच उतरवा. पुढे प्रत्येक बिट त्याच्या डावीकडच्या बिटाशी ताडून पाहा: दोन्ही सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १.

```
बायनरी  0 1 0 1 0 1 1 0 1 1
ग्रे     0 1 1 1 1 1 0 1 1 0
```

हा ग्रे बायनरी समजून वाचला तर होतो ५०२. म्हणजे ३.४७ ला तुमच्या स्क्रीनवर ५०२ दिसत असणार.

आपल्याला खरं तर उलट जायचंय. तिथेही पहिला बिट तसाच. पुढे मात्र ग्रेचा बिट ताडायचा तो आत्ताच काढलेल्या बायनरी बिटाशी, ग्रेच्या शेजारच्या बिटाशी नाही. पुष्कळ जण इथेच चुकतात, कारण दोन्ही रीती एकसारख्या वाटतात. हाताने करताना मी असं करतो: डावीकडून चालत जायचं, ग्रेमध्ये ० आला तर मागचा बायनरी बिट तसाच पुढे न्यायचा, १ आला तर उलटा करायचा. वरच्या ग्रेवर करून पाहा: ० ला ०. १ आला, उलटा, १. पुन्हा १, उलटा, ०. पुन्हा १, तर १. पुन्हा १, तर ०. पुन्हा १, तर १. मग ०, म्हणून १ तसाच. १ आला, ०. १ आला, १. शेवटी ०, म्हणून १ तसाच. जमलं 0101011011, म्हणजे ३४७.

पीएलसीत दहा बिटांची दहा कॉन्टॅक्टची शिडी रचता येते, पण स्ट्रक्चर्ड टेक्स्ट उपलब्ध असेल तर एवढ्यातच भागतं. `RAW` आणि `W` दोन्ही `WORD` प्रकारचे ठेवा:

```
W := RAW AND 16#03FF;
W := W XOR SHR(W, 1);
W := W XOR SHR(W, 2);
W := W XOR SHR(W, 4);
W := W XOR SHR(W, 8);
POS := WORD_TO_INT(W);
```

पहिल्या `XOR` नंतर प्रत्येक बिटात त्याचा आणि डावीकडच्या एकाचा हिशोब येतो, दुसऱ्यानंतर चारांचा, मग आठांचा, मग सोळांचा. त्यामुळे पहिल्या ओळीतला मास्क तेवढ्या बिटांचा केला की सोळा बिटांपर्यंतच्या कोणत्याही ग्रेला `XOR` च्या याच ओळी चालतात. `RAW` मध्ये ५०२ टाका, `POS` मध्ये ३४७ यायला हवा. साइटवर जायच्या आधी टेबलावरच हे तपासून घ्या.

पहिली ओळ गाळू नका. सोळा इनपुटच्या कार्डावर दहा एन्कोडरला दिले की उरलेल्या सहांवर कोणीतरी लिमिट स्विच, ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट असं काही जोडतंच. ते बिट वर्डच्या वरच्या बाजूला बसतात, आणि या रूपांतरात वरचा एक बिट बदलला की खालचे सगळे उलटतात. मास्क नसेल तर लिमिट स्विच दाबला जाताच गेटची उंची बदललेली दिसेल, आणि माणूस दिवसभर एन्कोडर तपासत बसेल. इनपुटचा क्रमही पाहा: सर्वांत कमी वजनाची वायर वर्डच्या बिट ० वरच यायला हवी. चार बिट सरकवून जोडली असेल तर मास्कच्या आधी `SHR` ने सरळ करून घ्या.

ग्रे कोडची हमी कुठे संपते तेही पाहायला हवं. दहा बिट वाचायला लागणाऱ्या काळात शाफ्ट एका काउंटहून जास्त फिरला नाही, तोवरच ती हमी टिकते. तुमचं गेट मिनिटाला तीस सेंटिमीटर जात असेल तर एका काउंटला दोन सेकंद मिळतात. इनपुट फिल्टरचे काही मिलिसेकंद त्यापुढे काहीच नाहीत. हाच एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर ३००० आरपीएमला लावला तर सेकंदाला ५१,२०० काउंट होतात, आणि मग स्कॅनमध्ये येणारे बिट वेगवेगळ्या क्षणांचे असतात. तिथे ग्रे कोड वाचवत नाही. तिथे सगळे बिट एकाच क्षणी आत धरून ठेवून एकामागोमाग पाठवणारा, एसएसआय सारखा एन्कोडर लागतो.

तुटलेली वायरही ग्रे कोड ओळखत नाही, आणि आपल्याकडे वायरच जास्त त्रास देते. मे महिन्यात बंद पत्र्याच्या पॅनेलमध्ये इन्सुलेशन कडक होतं, फेरूल ढिलं पडतं, आणि एक बिट कायमचा ० होतो. तेव्हा रूपांतर झालेला आकडा काय करतो पाहा. समजा ३२ वजनाची वायर गेली. गेट ० पासून वर निघालं की आकडा ३१ पर्यंत बरोबर चढतो. खरी जागा ३२ झाली तरी तो ३१ वरच राहतो आणि तिथून उलटा उतरायला लागतो: ३३ ला ३०, ३४ ला २९, ६३ ला थेट ०. ६४ ला एकदम १२७ होऊन पुन्हा उतरतो, ९५ ला ९६ वर येतो, आणि मग १५९ पर्यंत पुन्हा बरोबर चालतो. हे तेच वरचं प्रतिबिंब: मेलेल्या बिटाखालचे सगळे बिट उलटे झाले. ३४७ च्या जागी या बिघाडात ३५६ दिसेल. फरक नऊच सेंटिमीटरचा, म्हणून नुसत्या नजरेने तो सुटतो.

वायर शोधायची रीत यातच आहे. गेट हलवायची परवानगी मिळणं सोपं नसतं, म्हणून एन्कोडरचं कपलिंग ढिलं करून शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. आधी कपलिंगवर मार्करने खूण करून घ्या. ० पासून निघून आकडा पहिल्यांदा कुठे वळतो ते पाहा. ७ वर वळला तर ८ वजनाची वायर, ३१ वर वळला तर ३२ ची, ५११ वर वळला तर सर्वांत वरची. वळण्याच्या आकड्यात एक मिळवला की वायर सापडली.

दोन वायरींची अदलाबदल झाली असेल तर लक्षण वेगळं असतं. इनपुट कार्डावरचे दिवे पाहिले तर एका वेळी एकच बदलताना दिसतो, म्हणून कार्डावर सगळं छान वाटतं. पण रूपांतरित आकडा एकाच्या जागी तीन, पाच किंवा त्याहून मोठ्या विषम आकड्याने उडी मारतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये एक तपासणी कायमची ठेवा: मागच्या स्कॅनचा आकडा आणि आत्ताचा यांत एकाहून जास्त फरक दिसला की अलार्म द्यायचा आणि मोटरला ऑटोतून काढायचं. १०२३ आणि ० हेही शेजारीच धरायचे, कारण ग्रेमध्ये त्यांच्यातही एकच बिट वेगळा आहे. तुमच्या गेटच्या वेगाला एका स्कॅनमध्ये दोन काउंट जाणं शक्यच नाही, त्यामुळे ही तपासणी उगाच ओरडणार नाही. वीज आल्यावरच्या पहिल्या स्कॅनला मात्र ती लावू नका; तेव्हा ताडायला मागचा आकडा नसतो.

शेवटची गोष्ट एन्कोडर बसवतानाची. गेट पूर्ण बंद असताना एन्कोडर ० वर आणून कपलिंग आवळायचा मोह होतो. तसं करू नका. गेट सिलवर बसताना दोर थोडा सैल पडतो, शाफ्ट एक-दोन काउंट मागे जातो, आणि ० च्या मागचा आकडा १०२३ आहे. बंद गेट पॅनेलवर १०.२३ मीटर उघडं दिसेल. ग्रे कोडने इथे काही चूक केलेली नसते. एका फेरीच्या शेवटानंतर पुन्हा सुरुवात येतेच. दुसरं कारण याहून गंभीर आहे. एन्कोडरचा सप्लाय गेला किंवा केबलच तुटली तर दहाही इनपुट ० होतात, आणि पीएलसीला ते 'गेट बंद' असंच दिसतं. म्हणून बंद गेटला एन्कोडर १०० च्या आसपास ठेवा आणि प्रोग्रॅममध्ये तेवढे वजा करा. सहा मीटरचं गेट असेल तर आकडा १०० ते ७०० मध्ये फिरेल, दोन्ही टोकांना मोकळी जागा राहील, आणि `W` नुसता ० आला की तो बिघाड समजून अलार्म देता येईल.

बाकीच्या गेटवर वेगळे एन्कोडर असतील तर प्लेट नीट वाचा. कुठे १०२४ ऐवजी ३६० लिहिलेलं असेल तर तो नऊ बिटांचा असतो, पण ५१२ पैकी मधलेच ३६० आकडे वापरतो, ७६ ते ४३५. असं मुद्दाम करतात, कारण ७६ आणि ४३५ यांच्या ग्रेमध्ये फक्त वरचा एक बिट वेगळा आहे. ० ते ३५९ वापरले असते तर फेरी पूर्ण होताना अनेक बिट एकत्र बदलले असते आणि बायनरीचं दुखणं त्या एका जागी परत आलं असतं. अशा एन्कोडरवर मास्क `16#01FF` ठेवा, वरच्याच ओळींनी रूपांतर करा, आणि शेवटी ७६ वजा केलेत की अंश मिळतील.